दुचाकीचं कर्ज: हप्ते किती आणि एकूण परतफेड किती, हे सहीआधी कसं काढायचं

शोरूममधल्या कोटेशनच्या मागे पेनाने लिहून मिळतं, "२,७३४ × ३६". ऐंशी हजारांचं कर्ज, वार्षिक दर १४ टक्के, तीन वर्षं मुदत. गुणाकार केला की ९८,४२४ रुपये येतात, म्हणजे १८,४२४ व्याज. हिशोब बरोबर आहे, पण खिशातून तेवढेच जातील असं नाही.

आधी हप्त्यांची संख्या बघा. मुदत वर्षांत असेल तर गुणिले बारा करायचं, पण हप्ता खरंच महिन्याचा आहे ना, हे विचारून घ्यायचं. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जात हप्ता दर आठवड्याला किंवा दर २८ दिवसांनी असू शकतो. २८ दिवसांचा असेल तर वर्षात बारा नाही, तेरा हप्ते होतात. दुचाकीला सहसा महिन्याचाच असतो. "पहिला हप्ता आगाऊ" असेल, तर तो त्या ३६ मधलाच. त्यानंतर ३५ उरतात. तो वेगळा धरून ३७ मोजू नका.

आता तारखा. समजा कर्ज १८ जून २०२५ ला वाटप झालं आणि हप्त्याची तारीख ५ आहे. पहिला हप्ता ५ ऑगस्टला ठरला, तर शेवटचा ५ जुलै २०२८ ला. बोटावर मोजून बघा, ३६ च भरतात. पण पहिल्या हप्त्यात ५ जुलै ते ५ ऑगस्ट या एका महिन्याचंच व्याज असतं, त्यामुळे १८ जून ते ५ जुलै या १७ दिवसांचं व्याज कोणत्याच हप्त्यात बसत नाही. वार्षिक १४ टक्क्यांनी ते सुमारे ५२२ रुपये होतं, आणि बहुतेक वेळा वेगळं घेतलं जातं. प्रोसेसिंग फी दोन टक्के असेल तर १,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,८८८. ही रक्कम वाटपातूनच कापली तर हाती ७८,११२ येतात आणि व्याज मात्र ८०,००० वर चालतं. सगळं मिळून ९८,४२४ + ५२२ + १,८८८ = १,००,८३४ रुपये. वरच्या गुणाकारात हे २,४१० रुपये कुठेच नव्हते.

हप्ता स्वतः तपासायचा असेल तर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये एवढंच टाका:

```
=PMT(14%/12,36,-80000)
```

२,७३४.२० च्या आसपास उत्तर येईल. पूर्ण रुपयात आणताना उरलेले पैसे शेवटच्या हप्त्यात जोडतात, म्हणून तो काही रुपयांनी वेगळा दिसला तर घाबरू नका.

उत्तर जुळलं नाही तर बहुधा दर फ्लॅट आहे. "फक्त नऊ टक्के" ऐकायला गोड वाटतं, पण फ्लॅटमध्ये तीनही वर्षं पूर्ण ८०,००० वर व्याज लागतं: २१,६०० रुपये. परतफेड १,०१,६००, हप्ता २,८२२. म्हणजे हे नऊ टक्के घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच्या, १४ टक्क्यांपेक्षा महाग पडतात. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर सव्वासोळाच्या आसपास जातो. दर ऐकून ठरवूच नये, हप्ता आणि संख्या विचारावी.

हे सगळं एका कागदावर मागण्याचा तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात हप्त्यांची संख्या, रक्कम, शुल्कं, परतफेडीचं वेळापत्रक आणि एपीआर, म्हणजे शुल्कासकट वार्षिक दर, असतो. आपल्या उदाहरणात फक्त प्रोसेसिंग फी धरली तरी एपीआर साडेपंधराच्या पुढे जातो. मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि तेवढ्यात त्या अटी बदलता येत नाहीत. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शोरूमचा माणूस "आजच सही करा, ऑफर संपते" म्हणाला तर हा नियम आठवा.

अर्जाला आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, पगारदारांना तीन महिन्यांच्या पगारपावत्या, धंदेवाल्यांना आयकर विवरणपत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गाडीचं कोटेशन आणि रद्द केलेला चेक एवढं साधारणपणे लागतं. पात्रता बघताना चालू हप्ते आणि हा नवा मिळून पगाराच्या निम्म्याच्या आसपास थांबतात का, हे बहुतेक ठिकाणी पाहतात.

खात्यातून हप्ता कापायच्या मँडेटवर सही करताना रक्कम आणि शेवटची तारीख वाचा. तिथे कमाल रक्कम हप्त्यापेक्षा जास्त लिहिलेली असते, त्यात वावगं काही नाही. पण शेवटची तारीख जुलै २०२८ च्या कितीतरी पुढची असेल, तर का ते विचारा, आणि कर्ज संपल्यावर नाहरकत दाखला घेताना ते मँडेटही रद्द करून घ्या.