वापरलेल्या गाडीची तीन सालं: मॉडेल, मॅन्युफॅक्चरिंग आणि रजिस्ट्रेशन

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिलं कानावर पडतं ते "2020 मॉडेल आहे". हे 2020 नेमकं कसलं ते कोणी सांगत नाही, कारण एका गाडीला तीन सालं असू शकतात. फॅक्टरीतून बाहेर पडली ते मॅन्युफॅक्चरिंग साल, आरटीओत नोंद झाली ते रजिस्ट्रेशन साल, आणि तिसरं मॉडेल साल. हे तिसरं आपल्याकडे बोलण्यातलंच, आरसीवर त्याला वेगळा रकाना नाही. अमेरिकेत मॉडेल इयर ही अधिकृत गोष्ट आहे, कंपनी आदल्या वर्षीच पुढच्या सालाची गाडी विकायला काढते, इथे मात्र विकणारा जे साल सोयीचं ते "मॉडेल" म्हणून सांगतो. आणि सोयीचं जवळपास नेहमी रजिस्ट्रेशनचंच असतं, कारण ते कधीच मॅन्युफॅक्चरिंगच्या आधीचं नसतं.

एक उदाहरण घेऊ. म्हापशात एक हॅचबॅक विकायला आहे, नंबर जीए-03, जाहिरातीत "2020 मॉडेल, सिंगल ओनर". आरसी हातात घेतली तर रजिस्ट्रेशन जानेवारी 2020, पण उत्पादनाचा महिना-वर्ष बघा तर 05/2019. म्हणजे गाडी आठ महिने स्टॉकमध्ये उभी होती, त्यात गोव्याचा अख्खा पावसाळा गेला आणि यार्ड उघडं असेल तर खालच्या पत्र्याने, बॅटरीने आणि रबरांनी तो खाल्लाच असणार. पहिल्या मालकाला हे बहुतेक माहीत होतं, वर्षअखेरीला जुना स्टॉक काढायला डीलर जो डिस्काउंट देतात तो त्याने घेतला असणार. आता विकताना तोच माणूस 2020 चा भाव मागतो. साल धूसर ठेवण्याचं खरं कारण हेच आहे, जुन्या स्टॉकची सूट आपल्या खिशात राहते आणि त्या सुटीमागचं वय पुढच्याच्या गळ्यात पडतं. एजंटही तेच करतो, आणि दरवेळी ते खोटं असतं असंही नाही, विचारलं तर "आरसीवर 2020 च आहे बघा काका" म्हणून बोट ठेवून दाखवतो, फक्त रजिस्ट्रेशनच्या तारखेवर.

आणि फरक नुसता भावाचा नाही. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हर एअरबॅग, स्पीड अलर्ट आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आणि नियम लागतो तो बनण्याच्या तारखेला. मे 2019 ची बेस व्हेरिएंट 2020 मध्ये रजिस्टर झाली तरी तिच्यात यातलं काही नसू शकतं. तसंच बीएस4 चं, 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाडीला बीएस6 च लागलं, त्यामुळे "2020 मॉडेल" म्हणून सांगितलेल्या गाडीच्या आरसीवर बीएस4 दिसलं तर ती त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत विकलेली, आणि 2019 चीच बनलेली असण्याची शक्यता बरीच.

तपासायचं कसं, तर आधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना, मग इन्शुरन्स पॉलिसी, तिच्यावर मॅन्युफॅक्चरिंग इयर छापलेलं असतं. चेसिस नंबर 17 अक्षरांचा, त्यातलं दहावं बऱ्याच कंपन्यांत सालाचं, 2019 ला K आणि 2020 ला L, पण महिन्याचा कोड कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे नुसत्या त्यावर वाद घालू नये. मला विचाराल तर स्टेपनी उघडून बघावी. बाकीचे टायर बदललेले असतात, स्टेपनी बहुतेक वेळा गाडीसोबत आलेलीच असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 1819 म्हणजे 2019 चा अठरावा आठवडा, एप्रिलअखेर-मे. असा टायर असलेली गाडी 2020 ची म्हणून कोणी विकत असेल तर प्रश्न विचारायला आधार मिळतो.

बाहेरून आलेल्या गाड्यांचा घोळ वेगळाच. बेळगावची केए-22 किंवा सिंधुदुर्गची एमएच-07 एनओसी घेऊन गोव्यात आली की तिला नवा जीए नंबर मिळतो, आणि नवी सिरीज बघून गिऱ्हाइकाला वाटतं गाडी कालपरवाची. नंबर नवा झाला म्हणून वय कमी होत नाही, अशा वेळी जुन्या आरसीची नि एनओसीची कॉपी मागावी, दाखवायला टाळाटाळ झाली तर भाव बोलायचाच नाही.

एका ठिकाणी मात्र रजिस्ट्रेशनचीच तारीख धरायची. प्रायव्हेट गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते ती पहिल्या रजिस्ट्रेशनपासून, नंतर फिटनेस करून रिन्यू करावी लागते. म्हणजे वरची म्हापशाची गाडी भावाला 2019 ची, पण आरसी जानेवारी 2035 पर्यंत.