टेस्टफ्लाइटचे ९० दिवस : बीटा ॲपच्या मुदतीची पार्श्वभूमी

डेव्हलपरने पाठवलेल्या लिंकवरून आयफोनवर एखादं बीटा ॲप घेतलं, ते बरेच आठवडे नीट चाललं आणि एके दिवशी उघडेनासं झालं, हा अनुभव अनेकांना येतो. होम स्क्रीनवर ॲपच्या नावाशेजारी नारिंगी ठिपका तसाच असतो, पण चिन्हावर बोट टेकवलं की बीटाची मुदत संपल्याचा संदेश येतो. फोनमध्ये काही बिघडलेलं नसतं आणि डेव्हलपरनेही बहुतेक वेळा मुद्दाम काही केलेलं नसतं. टेस्टफ्लाइट ही बीटा ॲप वाटण्याची ॲपलची सेवा; तिच्यात प्रत्येक बिल्डला, म्हणजे डेव्हलपरने बांधून पाठवलेल्या ॲपच्या प्रत्येक प्रतीला, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, ते संपलेले असतात. ही मुदत कुठून आली हे कळायचं तर ॲप स्टोअरच्या सुरुवातीच्या दिवसांपासून पाहावं लागतं.

पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यावर बाहेरच्या डेव्हलपरांची ॲप टाकता येत नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं आणि त्याबरोबर एक नियम कायमचा रुजला : ॲपलने मान्य केलेली डिजिटल सही असल्याशिवाय कोणतंही ॲप फोनवर चालणार नाही. मग स्टोअरमध्ये जाण्याआधी ॲप चार लोकांना वापरून बघायला द्यायचं कसं? त्यासाठी ॲपलने ‘ॲड हॉक’ वितरणाची वाट ठेवली होती. तिच्यात एका डेव्हलपर खात्याला वर्षाला १०० उपकरणं नोंदवता येत.

ही वाट किती खडतर होती हे आज सांगूनही खरं वाटत नाही. चाचणी करणाऱ्याने फोन संगणकाला जोडायचा, आयट्यून्स उघडायचं, अनुक्रमांकावर क्लिक करायचं. मग तिथे यूडीआयडी नावाचा ४० अक्षरांचा ओळखक्रमांक दिसे. तो कॉपी करून डेव्हलपरला मेलने पाठवायचा. डेव्हलपर तो ॲपलच्या पोर्टलवर नोंदवी, सगळ्या नोंदलेल्या फोनांची यादी असलेली प्रोव्हिजनिंग प्रोफाइल नव्याने तयार करी, तिच्यासह ॲप पुन्हा बांधी आणि फाइल परत पाठवी. ती आयट्यून्समध्ये ओढून टाकायची आणि फोन सिंक करायचा. यूडीआयडीतलं एक अक्षर जरी चुकलं तरी ॲप बसत नसे, आणि चूक नेमकी कुठे झाली हे फोन धडपणे सांगत नसे. त्यातून कुणी फोन बदलला तर त्याच्या नव्या फोनसाठी १०० पैकी आणखी एक जागा खर्ची पडे. जुना फोन यादीतून काढला तरी ती जागा सदस्यत्वाचं नवं वर्ष सुरू होईपर्यंत मोकळी होत नसे.

मुदतीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती प्रोफाइल. तिच्यातच संपण्याची तारीख लिहिलेली असे, ॲड हॉकसाठी साधारण एक वर्षानंतरची. ती उलटली की ॲप उघडताक्षणी बंद होई. म्हणजे स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला मुदत असणं ही टेस्टफ्लाइटने आणलेली गोष्ट नव्हे. ती पहिल्यापासून होती. मात्र खरा चाप तेव्हा उपकरणांच्या संख्येवर होता, त्यामुळे तारखेकडे फारसं कुणाचं लक्ष जात नसे.

२०१० मध्ये आयओएस ४ आलं आणि वेबपानावरच्या दुव्यावरून थेट फोनवर ॲप बसवणं शक्य झालं. हीच संधी बेंजामिन सॅटरफील्ड आणि ट्रिस्टन कोझमिन्का यांनी हेरली आणि त्याच वर्षाच्या शेवटी टेस्टफ्लाइट ही सेवा सुरू केली. ॲपलचा तिच्याशी तेव्हा काही संबंध नव्हता. चाचणी करणाऱ्याने फोनवरच्या सफारीत त्यांचं पान उघडायचं आणि एक छोटी कॉन्फिगरेशन प्रोफाइल स्वीकारायची; यूडीआयडी आपोआप डेव्हलपरकडे पोहोचे. नवा बिल्ड आला की मेल येई, दुव्यावर बोट टेकवलं की ॲप बसे. संगणक, केबल आणि आयट्यून्स यांची गरज संपली. डेव्हलपरांनी ही सेवा उचलून धरली यात नवल नाही. पुढे बर्स्टली या कंपनीने ती विकत घेतली. तरी १०० उपकरणांची भिंत जिथल्या तिथे होती, कारण ती ॲपलने घातलेली होती आणि टेस्टफ्लाइट तिच्या आतच काम करत होतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने बर्स्टलीच विकत घेतली. अँड्रॉइडसाठीची टेस्टफ्लाइट सेवा लवकरच बंद झाली. जूनमधल्या डेव्हलपर परिषदेत ॲपलने स्वतःचं टेस्टफ्लाइट जाहीर केलं, आयओएस ८ बरोबर ते लोकांच्या हाती आलं आणि २६ फेब्रुवारी २०१५ रोजी जुनी सेवा थांबली. नाव तेच राहिलं, पण आतली व्यवस्था मुळापासून बदलली होती. यूडीआयडी गोळा करणं संपलं. डेव्हलपर बिल्ड ॲपलकडे चढवतो, तिथूनच तो टेस्टफ्लाइट ॲपमार्फत टेस्टरच्या फोनवर उतरतो. टेस्टर ओळखला जातो तो निमंत्रणावरून, फोनच्या क्रमांकावरून नाही.

माझ्या मते आजच्या मुदतीचा उगम नेमका इथे आहे. उपकरणांची यादी गेली म्हणजे स्टोअरबाहेर ॲप किती पसरावं यावरचा जुना लगामही गेला. ॲपलने त्याच्या जागी दोन नवे लगाम आणले. एक माणसांच्या संख्येचा : बाहेरचे, म्हणजे डेव्हलपरच्या चमूत नसलेले टेस्टर सुरुवातीला १,००० पर्यंत. दुसरा काळाचा : प्रत्येक बिल्ड ३० दिवस. पहिला लगाम पुढे खूप सैल झाला, आज एका ॲपला १०,००० बाहेरचे टेस्टर घेता येतात. दुसराही सैल झाला, पण सुटला नाही.

काळाची मर्यादा का लागते हे ॲपलच्या नियमांतून बरंचसं कळतं. बाहेरच्या टेस्टरांना द्यायच्या बिल्डचं बीटा परीक्षण होतं, पण ते मुख्यतः एखाद्या आवृत्तीच्या पहिल्या बिल्डचं. त्याच आवृत्तीच्या पुढच्या बिल्डना पूर्ण परीक्षण लागेलच असं नाही. बीटामधली खरेदी फुकट असते, तिचे पैसे कापले जात नाहीत. टेस्टफ्लाइटवरचं ॲप पुढे सर्वांसाठी प्रसिद्ध करायच्या इराद्यानेच तिथे आलेलं असावं, आणि टेस्टरांकडून मोबदला घेऊन ते देता येणार नाही, लोकवर्गणीची परतफेड म्हणूनही नाही, असं नियमात स्पष्ट आहे. इतक्या सवलतींचा बिल्ड कायम चालू राहू दिला तर स्टोअरमध्ये जायची गरजच कुणाला उरेल? मुदत असल्यामुळे डेव्हलपरला ठरावीक काळाने परत यावं लागतं : नवा बिल्ड तरी द्यावा लागतो किंवा ॲप प्रसिद्ध तरी करावं लागतं. टेस्टरच्या बाजूनेही यात अर्थ आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या बिल्डमधला क्रॅश कळवून कुणाच्याच हाती काही लागत नाही, आणि सुरक्षेतली उणीव असलेला जुना बिल्ड हजारो फोनांवर पडून राहणं धोक्याचं असतं.

मोकाट वितरणाची भीती पोकळ नव्हती, हे जानेवारी २०१९ मध्ये दिसलं. कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत ॲप वाटता यावीत म्हणून ॲपलचं वेगळं एंटरप्राइझ सर्टिफिकेट असतं. त्याला उपकरणांची मर्यादा नाही आणि परीक्षणही नाही. फेसबुक आणि गूगल यांनी ते वापरून बाहेरच्या लोकांना माहिती गोळा करणारी ॲप दिली होती. ॲपलने आधी फेसबुकचं आणि लगेच गूगलचं सर्टिफिकेट रद्द केलं, तेव्हा त्या ॲपबरोबर दोन्ही कंपन्यांची अंतर्गत ॲपही काही काळ बंद पडली.

३० दिवसांची मुदत छोट्या डेव्हलपरांना जाचक होती. नोकरी सांभाळून रात्री ॲप बनवणाऱ्याने एक महिना हात लावला नाही की सगळे टेस्टर उघड्यावर पडत. मुदत आधी ६० दिवस झाली आणि २०१७ मध्ये ९० दिवस. २०१८ मध्ये सार्वजनिक लिंकही आली, त्यामुळे टेस्टरचा मेल पत्ता ठाऊक असण्याचीही गरज राहिली नाही. तेव्हापासून ज्यांनी डेव्हलपरशी कधी एक शब्द बोललेला नाही असे असंख्य लोक बीटा वापरू लागले, आणि मुदत संपल्यावर गोंधळणारेही बहुधा तेच असतात.

गोंधळाचं मोठं कारण असं की ९० दिवस टेस्टरने ॲप बसवल्यापासून मोजले जात नाहीत. डेव्हलपरने बिल्ड चढवला त्या दिवसापासून ते मोजले जातात. समजा, बिल्ड १ मार्चला चढला. त्याचे ९० दिवस ३० मे रोजी भरतात. लिंक तुमच्या हाती २० एप्रिलला आली आणि त्याच दिवशी तुम्ही ॲप बसवलं, तर ५० दिवस आधीच गेलेले आहेत, तुम्हाला ४० मिळतील. ॲप काढून पुन्हा बसवलं तरी तारीख हलत नाही. पण डेव्हलपरने १० मे रोजी नवा बिल्ड चढवला आणि तुम्ही तो घेतला, तर पुढची तारीख ८ ऑगस्ट होते. टेस्टफ्लाइटमध्ये त्या ॲपचं पान उघडलं की बिल्डशेजारी ‘Expires in 40 days’ अशा धर्तीवर उरलेले दिवस दिसतात. स्वयंचलित अपडेट बंद ठेवलेले असतील तर हा आकडा अधूनमधून पाहावा, कारण नवा बिल्ड आलेला असूनही आपण जुन्यावरच राहिलो असण्याची शक्यता असते.

मुदत संपण्याआधी बीटा बंद होण्याचं एक वेगळं कारणही असतं : बिघडलेला बिल्ड डेव्हलपर स्वतः मुदतीआधी निकाली काढू शकतो. आणि लिंक उघडल्यावर ‘This beta is full’ असं दिसलं, तर त्याचा मुदतीशी संबंध नाही, फक्त टेस्टरांच्या जागा भरलेल्या आहेत.

मुदत संपल्यावर घाईने ॲप काढून टाकू नये. ॲप उघडत नसलं तरी त्यातली माहिती फोनवर असते, आणि नवा बिल्ड बसवला की बहुधा ती पुन्हा दिसते. ॲप पुसलं तर क्लाउडवर नसलेली माहिती त्याबरोबर जाते. नवा बिल्ड येत नसेल आणि ॲप स्टोअरमध्ये तेच ॲप असेल तर बीटा तसाच ठेवून त्यावर स्टोअरची आवृत्ती बसवावी. ओळख एकच असल्यामुळे ती जुन्याच जागी बसते आणि माहिती सहसा टिकते. इथे एक अडचण मात्र खरी आहे. बीटा पुढच्या आवृत्तीचा असेल आणि त्याने माहिती साठवण्याची रचना बदललेली असेल, तर स्टोअरमधल्या जुन्या आवृत्तीला ती वाचता येईलच असं नाही. अशा वेळी ॲप उघडताच बंद पडतं किंवा रिकामं दिसतं. म्हणून महत्त्वाच्या नोंदी बीटामध्ये ठेवल्या असतील तर त्या ॲपमधून फाइल म्हणून बाहेर काढण्याची सोय आहे का हे मुदत शिल्लक असतानाच पाहावं. एकदा ॲप उघडेनासं झालं की ते बटणही हाताशी राहत नाही.