एक्स्पायरीच्या दिवशीचा स्वस्त ऑप्शन : घेण्यापूर्वी एवढे वाचा

आम्ही शेअर दलाल. आमच्या ग्राहकांकडून मंगळवारी सकाळी हमखास येणारा प्रश्न असा: “निफ्टीचा कॉल सहा रुपयांना मिळतोय, घेऊ का?” निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, सध्या मंगळवारी असते आणि सेन्सेक्सची गुरुवारी, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. त्याचे उत्तर फोनवर घाईत नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आकर्षण समजण्यासारखे आहे. महिनाभराच्या ऑप्शनमध्ये वेळ भरपूर शिल्लक असतो आणि त्या वेळेचे पैसे प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत, मोजावे लागतात. एक्स्पायरीच्या दिवशी काही तासच उरलेले असल्याने प्रीमियम अगदी कमी दिसतो. थोडे पैसे, त्याच दिवशी निकाल आणि खरेदीदाराचा तोटा प्रीमियमपुरताच मर्यादित. यातले काहीही खोटे नाही. फक्त तो प्रीमियम किती लवकर संपतो, हे कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. निफ्टी 25,000 वर आहे, सकाळचे साडेदहा वाजले आहेत आणि 25,000 चा कॉल, म्हणजे निफ्टी 25,000 च्या जितके अंक वर बंद होईल तितके रुपये देणारा ऑप्शन, 60 रुपयांना आहे. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावी लागणारी किमान संख्या, 65 चा धरला तर खर्च 3,900 रुपये. पण या एका लॉटमागचा सौदा आहे 25,000 गुणिले 65, म्हणजे सव्वासोळा लाखांचा. चार हजारांहून कमी रकमेत तुम्ही सव्वासोळा लाखांच्या मालाच्या चढउताराला बांधले जाता. लिव्हरेज म्हणतात ते हेच.

आता निफ्टी 25 अंकांनी खाली आला. टक्केवारीत ही हालचाल फक्त 0.1, शेअर घेऊन ठेवणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. हा कॉल मात्र साधारण निम्म्या वेगाने हलतो, म्हणजे 12-13 रुपयांनी पडतो. तुमच्या पैशातला पाचवा हिस्सा गेला, आणि त्याला काही मिनिटेही पुरतात.

बाजार हललाच नाही तर? निफ्टी दिवसभर 25,000 च्या आसपास रेंगाळला तरी हा कॉल दीडच्या सुमारास 38 रुपयांवर आणि पावणेतीनला 23 रुपयांवर येऊ शकतो. (हे सगळे भाव हिशेबाने काढलेले अंदाज आहेत, प्रत्यक्षात ते त्या दिवशीच्या व्होलॅटिलिटीप्रमाणे कमीजास्त होतात.) त्याच वेळी निफ्टी 24,970 वर असेल तर कॉल 11 रुपयांच्या आसपास. निर्देशांक 30 अंकांनी उतरला आणि 3,900 पैकी जवळजवळ 3,200 रुपये गेले.

आता तो सहा रुपयांचा कॉल. समजा तो 25,200 चा आहे आणि तेवढ्याच 3,900 रुपयांत त्याचे दहा लॉट येतात. दहा लॉट हातात आल्यावर माणूस सुखावतो, पण आता तो सव्वासोळा लाखांऐवजी एक कोटी बासष्ट लाखांच्या सौद्याला बांधलेला आहे. साडेबारापर्यंत निफ्टी 60 अंक वर गेला, म्हणजे अंदाज बरोबर ठरला, तरी कॉल सहाच्या आसपासच असेल. चढाईने जे दिले ते दोन तासांनी खाल्ले. निफ्टी तिथेच बंद झाला तर हाती शून्य. दिशा बरोबर येऊनही पूर्ण रक्कम जाते, ही गोष्ट नव्या ग्राहकाला पटवून देणे आम्हाला सर्वांत जड जाते.

“स्टॉप लॉस लावला की झाले,” असे बरेच जण म्हणतात. एनएसईवर ऑप्शनमध्ये मार्केट भावाचा स्टॉप लॉस चालत नाही. ट्रिगर आणि लिमिट असे दोन्ही भाव द्यावे लागतात. समजा ट्रिगर 45 आणि लिमिट 44 आहे आणि भाव एका झटक्यात 46 वरून 40 वर उतरला. ऑर्डर सुरू होते, पण 44 ला घेणारा कोणी नसल्याने ती तशीच लटकते. स्टॉप लॉस लावला म्हणून स्क्रीनकडे पाठ फिरवू नका.

बरेच ऑप्शन शून्य होतात, मग विकूनच पैसे का कमवू नयेत, असाही प्रश्न येतो. विक्रीत मार्जिन, म्हणजे हमीची रक्कम, लाखाच्या घरात लागते आणि तोट्याला प्रीमियमची मर्यादा नसते. सहा रुपयांना विकलेला कॉल उशिराच्या उसळीत साठ झाला तर प्रत्येक लॉटमागे 3,510 रुपये जातात, आणि मिळणार होते जास्तीत जास्त 390.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी फ्यूचर्स-ऑप्शनमधील 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवण्याची मुभा उरली आणि नव्या कराराची किमान रक्कम 15 लाख करण्यात आली. म्हणूनच बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी आता दिसत नाही.

आमच्या बाजूचेही सांगून ठेवतो: तुम्ही जिंका वा हरा, प्रत्येक ऑर्डरवर आम्हाला दलाली मिळते. त्यामुळे दिवसात दहा वेळा घ्या-विका करणाऱ्याच्या खात्यात भाव जागचा न हलताही तूट दिसते. ती तपासायची असेल तर मागच्या तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन या. एक्स्पायरीच्या दिवसांचे सौदे वेगळे काढून, खर्चासकट नफातोट्याचा आकडा आम्ही तुमच्यासमोर मांडून देऊ. त्याचे शुल्क नाही.