वर्क ऑर्डर नव्हती, पण काम झालं आहे: पैसे कसे मागायचे?
(आमच्या गुत्तेदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"साहेब म्हणाले, काम चालू करा, ऑर्डर मागून येते." सोलापुरात सरकारी कामं करणाऱ्या छोट्या गुत्तेदारांकडून आम्ही हे वाक्य वरचेवर ऐकतो. पुढे साहेबांची बदली होते. नवे साहेब फाइल उघडून म्हणतात की असं काही कामच दिलेलं नाही. मग गुत्तेदार आमच्याकडे बिल करायला येतो, आणि पहिला प्रश्न एकच असतो: पैसे बुडाले का?

बहुतेक वेळा सगळे बुडत नाहीत. पण कोटेशनमधली रक्कमही मिळत नाही. मिळतं ते झालेल्या कामाचं वाजवी मोल. कोर्टात वकील याला क्वांटम मेरुइट म्हणतात.

राज्य सरकारशी करार करायचा तर तो राज्यपालांच्या नावाने, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. हे संविधानाच्या कलम २९९ मध्ये आहे. तोंडी ऑर्डर त्यात बसत नाही, म्हणून करार म्हणून ती शून्य. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० वेगळ्या पायावर उभं आहे. कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात हेच लावलं. त्या गुत्तेदाराने नागरी पुरवठा खात्याच्या सांगण्यावरून आरामबागला गोदाम, स्वयंपाकघर अशी बांधकामं केली होती. रीतसर करार नव्हता, पण खात्याने ती वापरली, म्हणून मोबदला द्यावा लागला.

सगळा भार "लाभ घेतला" या शब्दांवर आहे. मंडल खटल्यातच न्यायालयाने म्हटलं आहे की समोरच्याला वस्तू किंवा काम नाकारायची मोकळीक असते. त्याने नाकारलं आणि वापरलंच नाही, तर दावा लंगडा पडतो. पूर्ण झालेल्या कामात वापर दाखवणं सोपं असतं. अर्धवट कामात खरी कसोटी लागते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका सरकारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं काम तोंडी सांगण्यावरून सुरू झालं. कोटेशन ९,००,००० रुपयांचं होतं. पाया, प्लिंथ आणि लिंटेलपर्यंतचं वीटकाम झालं आणि काम थांबलं. गुत्तेदाराचा हिशोब सरळ होता: साठ टक्के काम झालं, म्हणून ५,४०,००० द्या.

हा हिशोब टिकत नाही. टक्केवारी कोटेशनवर काढली आहे आणि कोटेशन ज्या कराराचा भाग होतं, तो करारच नाही. ते बाजारभावाचा एक पुरावा म्हणून दाखवता येतं, एवढंच. प्रत्येक आयटम मोजून त्याला त्या वेळचा वाजवी दर लावावा लागतो. तसं केल्यावर खोदाई, काँक्रीट आणि पायाचं दगडकाम १,९०,००० ला आलं, प्लिंथचा भराव ८०,००० ला आणि वीटकाम २,१०,००० ला. एकूण ४,८०,०००. खात्याने स्वतःच्या स्टोअरमधून ६०,००० चं स्टील दिलं होतं, ते वजा. एक भिंत ओळंब्यात नव्हती, ती पाडून बांधायचे ३५,००० वजा. राहिले ३,८५,०००. साइटवर पडून असलेलं सिमेंट यात धरलं नाही, कारण ते खात्याने वापरलेलं नाही. ते उचलून आणायचं. आणि "उरलेलं काम मिळालं असतं तर एवढा नफा झाला असता" ही मागणी इथे चालत नाही. ती वैध करार मोडल्यावरची नुकसानभरपाई आहे, कलम ७३ ची.

आमच्याकडच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, त्यामुळे पैशाचा मोठा भाग जमिनीत जातो आणि नंतर दिसत नाही. खोदाई चालू असताना टेप लावून काढलेला फोटो नसेल, तर खोलीवरून वाद होणारच. काम थांबलं की लगेच खात्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून संयुक्त मोजणीची तारीख द्या. ते आले नाहीत तरी मोजणी करा आणि त्यांना प्रत पाठवा. वरून दुसऱ्याचं काम चढण्याआधी हे व्हायला हवं. दावा दाखल झाला असेल, तर कोर्ट कमिशनर नेमून पाहणी मागता येते.

आता लाभाचा पुरावा. उदाहरणातल्या खात्याने पुढे राहिलेल्या कामाचं टेंडर काढलं. माहितीच्या अधिकारात त्याचं अंदाजपत्रक मागवलं, तर त्यात खोदाई आणि पायाचे आयटमच नव्हते. सुरुवात लिंटेलपासून होती. म्हणजे आधीचं काम तसंच ठेवून त्यावर पुढचं बांधलं. आमच्या मते असा एक कागद दहा साक्षीदारांपेक्षा जड आहे.

हा मार्ग प्रत्येक वादाला लागू नाही. वैध करार असेल आणि त्यात दर ठरलेला असेल, तर तोच दर. माल महागला म्हणून वाजवी मोल मागता येत नाही. सैन्याला तूप पुरवणाऱ्या अलोपी परशाद यांच्या फर्मने महायुद्धाचं कारण सांगून जादा दर मागितला होता; १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. नको म्हणत असताना जबरदस्तीने केलेल्या कामाचंही काही मिळत नाही.

खासगी कामात उलटा प्रसंगही येतो, म्हणजे पैसे तुमच्याकडे असतात. मालकाकडून उचल घेतली आणि करार शून्य असल्याचं नंतर उघड झालं, किंवा तो पुढे शून्य ठरला, तर कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. कायद्यातच गायिकेचं उदाहरण आहे: एका कार्यक्रमासाठी हजार रुपये आगाऊ घेतले, आजारपणामुळे गाता आलं नाही, तर हजार परत. मात्र व्यवहार बेकायदा आहे हे दोघांना पहिल्यापासून माहीत असेल, तर हे कलम सहसा मदतीला येत नाही.

मुदतीकडे लक्ष ठेवा. केलेल्या कामाच्या पैशाचा दावा साधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षांत लावायचा असतो. तुम्ही पाठवलेली स्मरणपत्रं ही मुदत वाढवत नाहीत. मुदतीच्या आत समोरच्याने लेखी, सहीनिशी थकबाकी कबूल केली, तर ती नव्याने सुरू होते. सरकारवर दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

आम्ही मोजमाप, दर विश्लेषण आणि मूल्यांकन अहवाल करून देतो, आणि गरज पडल्यास त्यावर साक्षही देतो. दावा लढवणं वकिलांचं काम. येताना कोटेशन, चलनं, मजुरांचा हजेरीपट, साहेबांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि साइटचे फोटो आणा. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण फॉरवर्ड केलेल्या फोटोवरून तो कधी काढला हे सांगता येत नाही.