चहा-कॉफीतून क्रिएटिन घेतलं तर चालतं का?

आमच्याकडून क्रिएटिन नेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. काही जण तर "कॉफी सोडवत नाही, म्हणून क्रिएटिन सोडलं" असंही सांगतात. ते ऐकून वाईट वाटतं, कारण ही भीती ज्या प्रयोगातून आली त्यात नेमकं काय दिसलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भीती आली कुठून?

१९९६ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी नऊ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग केला. क्रिएटिनचे मोठे डोस सहा दिवस दिले, आणि एका फेरीत त्यासोबत तीन दिवस कॅफीनही दिलं. नुसतं क्रिएटिन घेतल्यावर गुडघा सरळ करण्याच्या व्यायामात ताकद १० ते २३ टक्क्यांनी वाढली. कॅफीन जोडल्यावर ही वाढ दिसली नाही. "कॅफीन क्रिएटिनला मारतं" हे वाक्य तिथून पसरलं.

पण त्याच प्रयोगात स्नायूंमधल्या फॉस्फोक्रिएटिनचीही मोजणी झाली होती. क्रिएटिन स्नायूत पोचून ज्या रूपात साठतं ते हे फॉस्फोक्रिएटिन. कॅफीन असो वा नसो, त्याची वाढ जवळपास सारखीच, ४ ते ६ टक्के होती. म्हणजे कॅफीनने क्रिएटिनला पोटात, रक्तात किंवा स्नायूच्या दारात कुठेही अडवलं नव्हतं. माल गोदामात पोचला होता, फरक दिसला तो चाचणीच्या वेळच्या ताकदीत.

असं का झालं असावं, याचा धागा त्याच गटाच्या २००२ च्या प्रयोगात सापडतो. स्नायू आकुंचन पावल्यावर पुन्हा सैल व्हायला काही क्षण लागतात. क्रिएटिन हा वेळ थोडा कमी करतं आणि कॅफीन तो वाढवतं. दोन्ही एकत्र दिल्यावर त्यांनी एकमेकांचा परिणाम पुसून टाकला. पाठोपाठ वेगाने आकुंचन करायचं असेल, तर स्नायू सैल व्हायला झालेला उशीर जाणवू शकतो. आम्हाला हे स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं, पण तो छोटा प्रयोग होता आणि त्यावरून रोजच्या कपाबद्दल निकाल देता येत नाही.

पहिल्या प्रयोगात आणखी एक उणीव होती. त्याच माणसांवर फेऱ्या आलटून-पालटून झाल्या आणि मध्ये तीन आठवड्यांची सुट्टी होती. स्नायूत भरलेलं क्रिएटिन पूर्वीच्या पातळीवर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे आधीच्या फेरीचा अंश पुढच्या फेरीत राहिलेला असू शकतो.

ते प्रमाण आणि तुमचा कप

७० किलो वजनाचा माणूस धरू. १९९६ च्या प्रयोगात त्याला दिवसाला ३५ ग्रॅम क्रिएटिन आणि ३५० मिलिग्रॅम कॅफीन मिळालं असतं. आमच्या पाकिटावर आम्ही दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन लिहितो. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, मोठ्या कप कॉफीत शंभरच्या आसपास. सकाळी कॉफी आणि दुपारी दोन चहा घेणाऱ्याचं दिवसभराचं कॅफीन दोनशेच्या आतच राहतं.

पुढच्या एका प्रयोगाचा कल तर उलटा निघाला. २००२ मध्ये सहा दिवस क्रिएटिन भरून घेतलेल्या पुरुषांना धावण्याच्या तासभर आधी कॅफीन दिलं, तेव्हा ते नुसत्या क्रिएटिनच्या तुलनेत जास्त वेळ टिकले. २०१६ च्या एका प्रयोगात मात्र कॉफी, कॅफीन आणि क्रिएटिन अशा कुठल्याच गटात ठळक फरक दिसला नाही. तिथे एकट्या क्रिएटिनचाही फायदा दिसला नव्हता, म्हणून त्यावरून कॅफीन त्रासदायक की निर्धोक हे ठरवणं आम्हाला योग्य वाटत नाही. एक जुनी गोष्टही इथे सांगायला हवी. १९९०च्या दशकात क्रिएटिनचा फायदा दाखवणाऱ्या सुरुवातीच्या काही प्रयोगांत ते गरम चहा-कॉफीतच विरघळवून दिलं जात होतं.

म्हणून आमचं मत असं: रोज ३ ते ५ ग्रॅम घेणाऱ्याने चहा-कॉफी सोडायची गरज नाही, आणि दोन्हींमध्ये तासांचं अंतर ठेवायचीही नाही.

कपात काय होतं

"पावडर विरघळत नाही, भेसळ आहे का?" ही तक्रार बहुतेक वेळा थंड पेयाबद्दल असते. क्रिएटिन मोनोहायड्रेट थंडात फार कमी विरघळतं. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम, ६० अंशांना ४५ ग्रॅमच्या आसपास. १५० मिलिलिटरच्या कपाचा हिशोब केला, तर गरम कपात पाचही ग्रॅम सहज मावतात, पण तोच कप निवला की त्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळलेले राहतात. उरलेले ३ ग्रॅम तळाशी बसतात, आणि शेवटचा घोट टाकून दिला तर अर्ध्याहून जास्त डोस मोरीत जातो. उपाय सोपा आहे. तळाशी पांढरे कण दिसले की थोडं पाणी घालून कप फिरवा आणि ते पिऊन टाका. बर्फ घातलेल्या कॉफीत तर कण राहणारच. न विरघळलेलं क्रिएटिनही पोटात गेलं की उपयोगी पडतं.

उष्णतेने ते लगेच खराब होत नाही. पाण्यात राहिलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन होतं, ते अपायकारक नाही पण स्नायूंच्या कामाचंही नाही. पेय जितकं आंबट, गरम आणि जास्त वेळ ठेवलेलं, तितका हा बदल वेगाने होतो. कपभर चहा पिऊन होईपर्यंतची घट नगण्य असते. मात्र भांड्यात चहाबरोबर उकळू नका, आणि सकाळी थर्मासमध्ये मिसळून संध्याकाळपर्यंत ठेवू नका. कपात ओतल्यावर घाला, ढवळा, प्या.

काळजी कुठे घ्यायची

सुरुवातीचे पाच-सात दिवस दिवसाला २० ग्रॅम घेऊन साठा भरायचा असेल, तर त्या दिवसांत कॅफीन जपून घ्या. वर सांगितलेल्या २०१६ च्या प्रयोगात दोन्ही एकत्र घेणाऱ्या काही जणांना पोटाची किरकोळ तक्रार झाली होती. पोट बिघडलं तर डोस लहान करून जेवणासोबत विभागून घ्या. खरं तर भरणी न करता रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले तरी साधारण चार आठवड्यांत साठा तितकाच भरतो, आणि आम्ही तेच सुचवतो.

वर्कआउटआधीच्या तयार पावडरींमध्ये बऱ्याचदा एका डोसमध्येच १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. त्यावर दोन कॉफी झाल्या, तर निरोगी प्रौढांसाठी सांगितली जाणारी दिवसाची ४०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. डब्यावरचा आकडा वाचून बेरीज करा. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे रात्री व्यायाम करणाऱ्यांनी क्रिएटिन साध्या कोमट पाण्यातून घेतलेलं बरं.

मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्ततपासणीला जाताना क्रिएटिन सुरू असल्याचं जरूर सांगा, कारण त्याने अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो.