स्कॅन करून पाहायचा सेन्सर की आपोआप इशारा देणारा? : मधुमेही ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक बोटाला टोचून साखर तपासण्याला सरावलेले असतात आणि सेन्सर म्हणजे काय याची त्यांना साधारण कल्पना असते. तरीही सेन्सर लावल्यानंतर काही दिवसांतच पुष्कळ जण दोनपैकी एक तक्रार घेऊन परत येतात. एक म्हणजे ‘रात्री साखर उतरली तरी सेन्सर वाजला नाही’, आणि दुसरी म्हणजे ‘आलेख मध्येच तुटतो, सेन्सर खराब दिसतो’. दोन्ही वेळा सेन्सर बहुधा ठणठणीत असतो. त्याचा प्रकार कोणता आहे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी नीट समजून घेतलेले नसते, म्हणून हे पत्रक.

दोन्ही प्रकारांत एक बारीक, लवचीक तार त्वचेखाली राहते आणि पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजते. फरक आहे तो मोजलेला आकडा तुमच्यापर्यंत कसा पोहोचतो यात. स्कॅन करायच्या सेन्सरमध्ये, उदाहरणार्थ मूळ फ्रीस्टाइल लिब्रेमध्ये, तुम्ही रीडर किंवा फोन दंडाजवळ नेला तरच आकडा, बाण आणि मागील काही तासांचा आलेख दिसतो. तोपर्यंत तो गप्प असतो. आपोआप इशारा देणारा सेन्सर दर काही मिनिटांनी ब्लूटूथने आकडा फोनवर पाठवत राहतो आणि साखर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली की फोन वाजतो. लिब्रे २ मूळ स्वरूपात या दोहोंच्या मधला आहे, म्हणजे तो वाजतो, पण आकडा पाहण्यासाठी स्कॅन करावेच लागते. लिब्रे ३ मात्र स्कॅनशिवाय आकडे पाठवतो. म्हणून दुकानात मागताना नुसते ‘लिब्रे द्या’ असे न म्हणता त्यापुढचा अंकही सांगावा.

आठ तासांची मर्यादा

स्कॅन करायच्या सेन्सरबाबत सर्वाधिक वेळ वाया घालवणारी चूक एकच आहे. हा सेन्सर चौदा दिवस चालतो, पण त्याच्या स्मृतीत फक्त शेवटच्या आठ तासांची नोंद राहते. दोन स्कॅनमध्ये आठ तासांहून जास्त अंतर पडले, तर त्यातील सर्वांत जुना भाग पुसला जातो आणि नंतर कितीही वेळा स्कॅन केले तरी तो परत मिळत नाही.

समजा, तुम्ही रात्री नऊ वाजता जेवता, साडेनऊला स्कॅन करता आणि त्यानंतरचे स्कॅन सकाळी साडेसातला उठल्यावर होते. मधले अंतर दहा तासांचे झाले. सकाळी सेन्सरकडे रात्री साडेअकरानंतरचीच नोंद उरलेली असते, म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा हे दोन तास कायमचे गेले. जेवणानंतर साखर सर्वांत वर चढते ती नेमकी याच वेळात. हा क्रम रोज तसाच राहिला, तर चौदा दिवसांच्या अहवालात नव्वद टक्क्यांहून जास्त नोंद मिळाल्याचे दिसते आणि ती समाधानकारक वाटते, परंतु रात्रीच्या जेवणाचा परिणाम डॉक्टरांना एकाही दिवशी पाहायला मिळत नाही. मग डॉक्टर पुन्हा सेन्सर लावायला सांगतात, आणि ग्राहक ‘बदलून द्या’ म्हणून आमच्याकडे येतात. अशा सेन्सरमध्ये दोष नसल्यामुळे तो बदलून देता येत नाही, हे आम्ही विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगतो.

यावरचा उपाय साधा आहे. शेवटचे स्कॅन जेवणानंतर लगेच न करता अंथरुणावर पडताना करावे, आणि सकाळचे पहिले स्कॅन उठल्याबरोबर, चहाच्याही आधी करावे. उशिरा उठणाऱ्यांनी रात्री मध्ये जाग आली तेव्हा एकदा फोन दंडाला लावावा. सदऱ्याच्या बाहीवरूनही स्कॅन होते, त्यामुळे दिवा लावण्याचीही गरज पडत नाही.

कोणाला कोणता?

टाइप २ मधुमेह असलेल्या, गोळ्यांवर किंवा दिवसातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनवर असलेल्या आणि साखर उतरू लागली की घाम, थरथर यांवरून ते स्वतःला कळणाऱ्या व्यक्तीसाठी स्कॅन करायचा सेन्सर सहसा पुरेसा असतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांत साखर किती चढते आणि त्याऐवजी भगर किंवा शेंगदाणे घेतल्यास काय होते, हे स्वतःच्या आलेखावर पाहणे हा त्याचा उत्तम उपयोग आहे. अशा ग्राहकाने महागडा सेन्सर मागितला तरी आम्ही आधी हाच सुचवतो.

टाइप १ मधुमेह असलेले, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, पूर्वी साखर उतरून बेशुद्ध पडलेले, तसेच साखर उतरल्याची जाणीवच न होणारे यांची गोष्ट वेगळी आहे. झोपेत साखर ५० पर्यंत खाली आली, तर स्कॅन कोण करणार? या सर्वांसाठी वाजणारा सेन्सरच हवा, असे आमचे ठाम मत आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या फोनवरही आकडा दिसण्याची सोय असते. बेल्जियममध्ये टाइप १ च्या २५४ प्रौढांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इशारे नसलेला स्कॅन सेन्सर सोडून इशारे देणारा सेन्सर वापरणाऱ्यांची साखर ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाला सुमारे दीड तास अधिक राहिली. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवू शकणारी गोळी घेणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांबाबतही हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

इशारा देणारा सेन्सर घेतला तरी फोनची साथ लागतेच. ब्लूटूथचा पल्ला प्रकारानुसार साधारण सहा ते दहा मीटर असतो आणि मध्ये भिंती आल्या की तो कमी होतो; त्यामुळे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावून शयनगृहात झोपल्यास इशारा पोहोचेलच असे नाही. फोनच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगमुळेही ॲप मागच्या मागे बंद पडते. त्याहून घातक सवय म्हणजे वरची मर्यादा १४० वर ठेवणे, कारण प्रत्येक जेवणानंतर फोन वाजतो, माणूस वैतागून सगळेच इशारे बंद करतो आणि खालचा, जिवाचा इशाराही त्यासोबत जातो. सुरुवातीला खालची मर्यादा ७० आणि वरची २५० ठेवून पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरची मर्यादा कमी करत आणावी.

कोणत्याही सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, आणि सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्याने दंड दाबला गेला तर तो खोटाच खाली दिसू शकतो. शरीराची लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करावी. म्हणूनच सेन्सरसोबत थोड्या स्ट्रिप्स घरी ठेवा, असे आम्ही सुचवतो.

विक्रीपूर्वी आम्ही औषधांची चिठ्ठी पाहतो आणि बरेच प्रश्न विचारतो. काहींना ही चौकशी नको वाटते, परंतु एकदा पाकीट फोडले की सेन्सर परत घेता येत नाही, त्यामुळे ती पाच मिनिटे आधीच घालवणे ग्राहकाच्या हिताचे आहे. फोन ॲपशी जुळतो की नाही हे दुकानातच तपासून दिले जाते. पहिला सेन्सर लावून देण्याचे आणि मर्यादा लावून देण्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही. येताना सध्याच्या औषधांची चिठ्ठी व तुमचा नेहमीचा फोन आणावा, सैल बाह्यांचा सदरा घालावा, आणि त्या दिवशी दंडाला तेल किंवा क्रीम लावू नये, कारण त्यावर सेन्सरची चिकटपट्टी टिकत नाही.