जाहिरातीतली खुलासाचिन्हं (*, †, ‡)

जाहिरातीतल्या एखाद्या दाव्यामागे जो छोटासा स्टार लावलेला असतो आणि ज्याचा खुलासा खाली बारीक टाइपात दिलेला असतो, त्या स्टारला आणि त्याच्या भाऊबंदांना मिळून खुलासाचिन्हं म्हणता येईल. मुंबईच्या एजन्स्यांत कुणी एवढं लांबलचक बोलत नाही, तिकडे सरळ "स्टार टाकलास का?" असं विचारतात, मग चिन्ह खंजिराचं, म्हणजे †, असलं तरी. एका जाहिरातीत एकापेक्षा जास्त खुलासे असले की इंग्रजी छपाईच्या जुन्या रिवाजाने *, †, ‡, § असा क्रम लागतो. आपल्याकडे मात्र # आणि ^ पण सर्रास वापरतात. त्यात # जरा त्रासदायक, कारण तो शब्दाच्या आधी आला की लोक हॅशटॅग समजतात, त्यामुळे वापरायचाच असेल तर शब्दाच्या मागेच लावावा.

चिन्हाचं काम एकच, वाचणाऱ्याला हा दावा आणि तो खुलासा एकमेकांचे आहेत हे सांगणं. म्हणून ते ज्या शब्दाला किंवा आकड्याला लागू आहे त्याला चिकटून बसतं, मध्ये स्पेस नाही. स्पेस दिली की ओळ तुटताना स्टार एकटाच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो आणि मग तो पुढच्या शब्दाचा वाटतो. मराठीत आणखी एक गोष्ट, प्रत्यय लागला असेल तर चिन्ह प्रत्ययानंतर येतं, म्हणजे "लाखांपासून*", "लाखां*पासून" नाही. आणि बहुतेक फॉन्टमध्ये स्टार मुळातच वर उचललेला असतो, त्याला पुन्हा सुपरस्क्रिप्ट केलं की तो मुंगीएवढा होतो. खंजिराचं तसं नाही, तो ओळीत पूर्ण उंचीचा उभा असतो, त्याला वर घ्यावं लागतं.

खरी गडबड होते ती मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना. समजा कांदिवलीतल्या एका बिल्डिंगची जाहिरात आहे. इंग्रजी मास्टरमध्ये किंमत आधी आणि स्टेशनचं अंतर नंतर, त्यामुळे किंमतीला * आणि वेळेला †. मराठी करणारा लिहितो "स्टेशनपासून ५ मिनिटांत† हक्काचं १ बीएचके, ₹९० लाखांपासून*". वाक्य छान झालं पण आता खंजीर आधी येतो आणि स्टार नंतर. मग आर्टवर्क करणाऱ्याला वाटतं की क्रम चुकलाय, तो वरच्या वर दोन्हींची अदलाबदल करतो, खालचे खुलासे मात्र जुन्या फाइलमधून जसेच्या तसे पेस्ट केलेले राहतात. निकाल असा की ९० लाखांचा खुलासा होतो "गाडीने, ट्रॅफिक नसताना" आणि ५ मिनिटांचा खुलासा होतो "जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन वेगळं". वाचून हसू येतं, पण असं होर्डिंग वर चढलं की ते उतरवायचा खर्च कुणाच्या माथी यावरून जे सुरू होतं ते हसण्यासारखं नसतं. यावर उपाय साधा आहे, क्रम उलटा दिसला तरी चालेल पण बदलायचा असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे एकदमच बदला.

आता त्या स्टारमागे किती वजन असतं तेही बघू. सध्याच्या दरांनी मुंबईत बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९० लाखांवर साडेचार लाख. स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार (रेडी रेकनरची किंमत जास्त असेल तर तिच्यावर, आणि घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट). रजिस्ट्रेशन ३० हजार. एकूण १ कोटी २० हजार. सोसायटीचे चार्जेस आणि पार्किंग यात धरलेलंच नाही. म्हणजे "नव्वद लाखांत घर" म्हणून गेलेला माणूस करोडवर पोचतो आणि मधला सगळा प्रवास त्या एका चिन्हावर उभा असतो, ते छपाईत गळलं तर दावा उघडा पडतो.

पण चिन्ह आहे म्हणून सगळं माफ असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात खुलाशाला वेगळी जागा आहे. खुलाशाने दावा स्पष्ट करावा, दाव्याला छेद देऊ नये, महत्त्वाची माहिती लपवू नये, आणि मुळात दिशाभूल करणारा दावा खुलाशाने दुरुस्त होत नाही. वरच्याच उदाहरणात बघा, "₹९० लाखांपासून*" आणि खाली "कर वेगळे" हे स्पष्टीकरण झालं. पण वर "सगळं धरून ₹९० लाख*" आणि खाली "कर वेगळे" असेल तर तो सरळ उलट बोलतोय, तिथे स्टार लावून भागत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था एएससीआय, जी १९८५ पासून आहे आणि तिचं ऑफिस मुंबईतच आहे, तिचा नियमही याच अर्थाचा आहे.

याच तत्त्वांत अजून एक अट आहे जी मुंबईत रोज मोडलेली दिसते, दावा ज्या भाषेत आहे खुलासाही त्याच भाषेत हवा. हायवेवरच्या होर्डिंगवर मोठ्ठं मराठी आणि खाली इंग्रजीत दोन ओळी, असं का होतं तर खुलासा लीगलकडून अप्रूव्ह होऊन आलेला असतो आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते. टीव्हीवर दावा बोलून सांगितला असेल तर खुलासा त्या बोलण्याच्या वेळेलाच आणि त्याच वेगाने दिसला पाहिजे, मागून धावत नाही.

चिन्ह गळायच्या जागा ठरलेल्या आहेत. व्हॉट्सअॅपवर दोन स्टारमधला मजकूर बोल्ड होतो, त्यामुळे क्लायंटने बोल्ड करून पाठवलेली ओळ कॉपी केली की दोन्ही टोकांना स्टार घेऊन येते, आणि ते साफ करता करता खरा स्टारही जातो. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागांवर अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, तिथे खंजीर पेस्ट केला तर त्याच्या जागी अर्धं अक्षर उमटू शकतं, म्हणून ते चिन्ह निवडून त्याला तेवढ्यापुरता इंग्रजी फॉन्ट द्यावा लागतो. कॉपी एक्सेलच्या शीटमध्ये असेल तर शोधताना नुसता `*` टाकून उपयोग नाही, तो "काहीही" या अर्थाने घेतला जातो आणि भरलेले सगळे सेल सापडतात, `~*` असं टाकावं लागतं.

तपासायची पद्धत म्हणजे फायनल पीडीएफवर, वर्डच्या फाइलवर नाही, खालून वर वाचत जायचं. खालच्या प्रत्येक खुलाशाचं चिन्ह वर निदान एकदा सापडलं पाहिजे, एकच खुलासा दोन-तीन दाव्यांना लागू असेल तर चिन्ह तेवढ्या वेळा येणारच. मग वरून खाली, वरच्या प्रत्येक चिन्हाला खाली एकच खुलासा. खाली पत्ता नाही असा स्टार वर सापडला तर बहुतेक वेळा जुन्या ऑफरचा असतो, ऑफर काढली पण स्टार काढायचा राहिला. नुसतं मोजून अदलाबदल पकडली जात नाही, त्यासाठी दावा आणि खुलासा एकापाठोपाठ मोठ्याने वाचावे लागतात, आणि ते वाचणारा ज्याने आर्टवर्क केलं तो नसलेला बरा.